नक्षी विकायची, की परवानगी?

‘ही फाइल समोर ठेवून मी नवरीच्या हातावर मेंदी काढली आणि त्याचे पैसे घेतले, तर चालेल का?’ मेंदीच्या नक्ष्यांचे डिजिटल संच विकणाऱ्यांना हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर संचाच्या वर्णनात क्वचितच सापडते. तिथे ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ एवढीच एक ओळ असते आणि त्या ओळीतून विकणारी एक अर्थ काढते, घेणारी दुसरा.

स्वस्तिक, गोपद्म, कमळ, कोयरी, ज्ञानकमळ यांच्यावर कुणाचीही मालकी नाही. चैत्रांगणातली चिन्हे काढायला कुणाची परवानगी लागत नाही. पण त्याच चिन्हांची एखादीने स्वतः केलेली मांडणी, तिने कागदावर उतरवलेले चित्र, हे १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तिचे असते. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. बाजारातल्या छापील रांगोळीपुस्तकातले पान गिरवून आपल्या संचात घालता येत नाही, मग त्यातली चिन्हे कितीही जुनी असोत.

आता एक संच डोळ्यांसमोर आणू. दिवाळीसाठी ठिपक्यांच्या तीस रांगोळ्या आणि जोडीला मेंदीच्या वीस नक्ष्या. पहिली अडचण नमुना-चित्रांची. संचात काय आहे ते दिसल्याशिवाय कुणी पैसे देणार नाही, आणि सगळे दाखवले तर विकत घेण्याचे कारण उरणार नाही. मेंदीच्या बाबतीत हे बऱ्यापैकी सुटते, कारण तिची किंमत बारकाव्यात असते. ए-४ पान ३०० डीपीआयने छापायचे तर चित्र २४८० बाय ३५०८ पिक्सेलचे लागते. नमुना हजार पिक्सेलचा ठेवला, तर त्याच प्रतीची छपाई जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची होते. त्याहून मोठे केले की जाळी आणि वेलींची टोके एकमेकांत मिसळतात. नक्षीवर तिरके पुसट नाव घालायचे असेल तर ते कोपऱ्यात टाकू नये, गर्दीच्या भागावरून न्यावे. कोपरा कापायला एक क्षण लागतो.

ठिपक्यांच्या रांगोळीला मात्र हा उपाय लागू पडत नाही. ‘१५ ते ८, मधले ठिपके’ अशी रांगोळी घ्या. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, दोन्ही बाजूंना एकेक कमी होत आठपर्यंत. असे एकूण १६९ ठिपके होतात. सराव असलेली बाई पुसट नमुन्यावरूनही ते मोजते आणि रेषा लक्षात ठेवते. इथे चित्र लपवण्यात अर्थ नाही. तिसांपैकी तीन-चार रांगोळ्या पूर्ण दाखवाव्यात आणि बाकीच्यांच्या फक्त रंगवलेल्या लहान प्रतिमा एका पानावर मांडाव्यात. पैसे मोजले जातात ते पुढच्या गोष्टींसाठी: ठिपक्यांची मांडणी, रेषा कोणत्या क्रमाने जोडायच्या याची तीन-चार चित्रे, आणि तीन सेंटिमीटर अंतर धरले तर ही रांगोळी ४२ सेंटिमीटर रुंद होईल, दारासमोर मावेल की नाही, हा हिशोब. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या चित्रासोबत हे सहसा नसते.

नमुन्यांतले एक चित्र निव्वळ शब्दांचे ठेवावे: ‘ही छापील वही नाही, उतरवून घ्यायची फाइल आहे.’ हे ठळक लिहिले नाही तर पोस्टमनची वाट पाहणारे ग्राहक भेटतात आणि पैसे परत मागतात. अमेरिकेतल्या मराठी घरांतूनही मागणी येते, तेव्हा आणखी एक काळजी घ्यावी लागते. तिथला लेटर कागद आपल्या ए-४पेक्षा आखूड असतो, २७९ मिलिमीटर. ‘पानात बसवा’ म्हणून छापले की नक्षी सुमारे सहा टक्क्यांनी आकसते. हाताच्या मापाच्या सरावपानावर हे खटकते. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी पाच सेंटिमीटरची रेघ काढून ठेवावी. ग्राहकाने पट्टी लावली आणि रेघ ४.७ भरली, की चूक कुठे झाली ते लगेच कळते.

आता पुन्हा अटींकडे. ‘वैयक्तिक’ आणि ‘व्यावसायिक’ हे दोन शब्द बाजूला ठेवावेत आणि लोक फाइलचे प्रत्यक्ष काय करतात ते एकेक लिहावे. घरी, सोसायटीत, शाळेत रांगोळी काढता येईल. पैसे घेऊन ग्राहकाच्या हातावर मेंदी काढता येईल की नाही. क्लासमध्ये पाने वाटता येतील की नाही. स्टिकर, स्टेन्सिल, पणत्या, कापड यांवर छापून विकता येईल की नाही. फाइल दुसऱ्याला पाठवता येणार नाही, व्हॉट्सॲपच्या गटावरही नाही. ही शेवटची अट सर्वांत जास्त मोडली जाते. प्रत्येक पानावर खरेदीदाराचा ईमेल छापून देण्याची सोय असेल तर ती वापरावी. चोरी त्याने थांबत नाही, पण पुढे पाठवणारा हात अडखळतो.

परवाना लेखी हवा, असे कायदा सांगतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर परवाना भारतापुरता मानला जातो. न्यू जर्सीतल्या मेंदीवालीला संच विकताना ‘जगभर, कायमस्वरूपी’ हे शब्द घातले नाहीत, तर तिला नेमके काय मिळाले याचा घोळ होतो.

वस्तूंवर छापण्याची परवानगी मात्र स्वस्त संचात कधीच घालू नये. कलम १५ सांगते की एखादी नक्षी डिझाइन म्हणून नोंदवण्याजोगी असेल, पण नोंदवलेली नसेल, आणि औद्योगिक पद्धतीने ती वस्तूंवर पन्नासपेक्षा जास्त वेळा उमटवली गेली, तर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. ते काम मालकाने केले काय किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने केले काय, परिणाम तोच. कोणती नक्षी चित्र आणि कोणती डिझाइन, हा वाद जुना आहे. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी कसोटी घालून दिली. पण आपली नक्षी त्या कसोटीला लावायची वेळ का आणावी? कारखानदार आला तर त्याच्याशी वेगळा करार करावा, नगांची संख्या लिहून घ्यावी आणि त्याआधी वकिलाला विचारावे. २०००च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करायची असेल, तर ती संच प्रसिद्ध करण्याआधीच करावी लागते.

किंमत या अटींवरूनच ठरते. आपला संच घरच्या वापरासाठी १९९ रुपयांना ठेवला, तर दोन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरून पैसे स्वीकारणारी कंपनी पावणेपाच रुपये घेईल. मेंदी काढून पैसे घेणाऱ्यांसाठी तोच संच ७९९ रुपयांना देणे रास्त आहे, कारण तिला त्यातून अनेक ऑर्डरींवर कमाई करायची असते. परदेशी मंचांवर हिशोब बदलतो. काही ठिकाणी दर विक्रीमागे दहा टक्के आणि वर ५० सेंट कापतात. एक डॉलरला एकच रांगोळी विकली तर साठ सेंट तिथेच जातात. सहा डॉलरच्या संचावर एक डॉलर दहा सेंट जातात आणि बाकी हातात पडतात. म्हणून तिकडे सुटी नक्षी विकू नये, संचच ठेवावा.

संच विक्रीला ठेवण्याआधी अटींचे पान मेंदी काढणाऱ्या एखाद्या ओळखीच्या बाईला वाचायला द्या. वाचल्यावरही तिने नवरीच्या हाताचा तो प्रश्न विचारला, तर ते पान पुन्हा लिहा.