पोल डिलीट केला, पण मतं गेली का?

ज्यांना कानात हेडफोन घालणं जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना मी जिथे अडखळले ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. आवाज दबलेला, मागे मेसच्या भांड्यांचा आवाज. "ताई, एक प्रश्न आहे, अर्जंट आहे. मी हॉस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल टाकला होता. तो डिलीट केला, तरी लोक मत देतायत. असं कसं?"

झालं असं होतं. ग्रुपमध्ये 48 जण. रात्री दहाला याने पोल टाकला : "मेसचा ठेकेदार बदलायचा का?" पर्याय तीन : हो, नाही, एक महिना थांबू. सकाळपर्यंत 31 मतं पडली. 22 हो, 4 नाही, 5 थांबू. मग कोणीतरी त्याला खासगीत सांगितलं, की अरे, ठेकेदाराचा भाचा याच ग्रुपमध्ये आहे. आता व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या पोलमध्ये View votes वर टॅप केलं की कोणत्या पर्यायाला कोणी मत दिलं, ते नावानिशी दिसतं. फक्त पोल बनवणाऱ्याला नाही, ग्रुपमधल्या प्रत्येकाला. म्हणजे 22 मुलांची यादी त्या भाच्याच्या खिशात होती, आणि हीच मुलं रोज दोन वेळा त्याच ताटावर जेवत होती. आमच्या मित्राला घाम फुटला. साडेआठला त्याने पोल डिलीट केला. सव्वानऊला रूममेट म्हणाला, "भाऊ, हो ची 24 झाली!"

तो चुकला कुठे, हे कळायला पोल मुळात कसा चालतो ते बघू या. आपल्याला वाटतं, पोल म्हणजे वर्गातला फळा. एका जागी लिहिलेला, सगळे तिथेच खडूने रेघ मारतात, आणि फळा पुसला की सगळं गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर असा फळाच नाही. पोल हा एक मेसेज आहे आणि त्याची एकेक प्रत प्रत्येकाच्या फोनवर जाते. तुम्ही मत देता तेव्हा ते मतसुद्धा कुलूपबंद मेसेजसारखं ग्रुपमधल्या सगळ्या फोनवर पोचतं, आणि बेरीज प्रत्येक फोन स्वतःची स्वतः करतो. म्हणजे 48 जणांचा ग्रुप असेल तर 48 छोटे फळे, प्रत्येकावर तीच नावं आणि तीच बेरीज.

आता डिलीटकडे येऊ. पोलवर बोट दाबून धरलं आणि कचरापेटीच्या चिन्हावर टॅप केलं की दोन पर्याय येतात : Delete for everyone आणि Delete for me. आमच्या मित्राने घाईत दुसरा दाबला. त्याने फक्त स्वतःचा फळा पुसला! बाकीचे 47 फळे जागेवर, त्यावरची मतं जागेवर, नावं जागेवर, आणि नवी मतंही पडतायत. फरक एवढाच, की ज्याने पोल बनवला त्यालाच आता निकाल दिसत नाही. आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे, पोलच त्याच्या स्क्रीनवरून गेल्यामुळे त्याला आता Delete for everyone दाबायला काही उरलंच नाही.

यावर एक छोटी फट आहे. Delete for me दाबल्यावर खाली काही सेकंद Undo असं दिसतं. तेवढ्यात दाबलं तर पोल परत येतो आणि मग नीट पर्याय निवडता येतो. पाचेक सेकंदांचा खेळ आहे. आमच्या मित्राने फोन खिशात टाकलेला होता.

मग उपाय? ग्रुप अ‍ॅडमिन. अ‍ॅडमिनला ग्रुपमधल्या कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. त्याने अ‍ॅडमिनला फोन लावला, "भावा, माझा पोल उडव." अ‍ॅडमिनने लगेच उडवला. फक्त हे लक्षात घ्या, अशा वेळी त्या जागी मेसेज अ‍ॅडमिनने डिलीट केला असं दिसतं, आणि कोणत्या अ‍ॅडमिनने ते नावासकट. त्यामुळे "अ‍ॅडमिन घाबरला" अशी चर्चा दुपारभर चालली, ती वेगळीच.

स्वतःहून करायचं असेल तर मुदतही असते. व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवल्यापासून साधारण दोन दिवस Delete for everyone चा पर्याय देतं. त्यानंतर फक्त Delete for me उरतं. म्हणजे महिन्याभरापूर्वीच्या पिकनिकच्या पोलची आज लाज वाटली, तर इलाज नाही.

ठीक आहे, Delete for everyone झालं. मग नक्की काय जातं? मी ऐकीव सांगत नाही, करून पाहिलंय. माझा फोन, भावाचा फोन आणि आईचा जुना फोन, तिघांचा ग्रुप केला. पोल टाकला : "रविवारी काय, मिसळ की थालीपीठ?" तिघांनी मतं दिली. मग आईचा फोन विमान मोडवर टाकला आणि मी माझ्या फोनवरून पोल सगळ्यांसाठी डिलीट केला.

भावाच्या फोनवर पोलच्या जागी This message was deleted आलं. प्रश्न गेला, पर्याय गेले, आकडे गेले, View votes गेलं, त्यामुळे नावंही गेली. माझ्याकडे You deleted this message. परत आणायचं बटण कुठेही नाही, मला सुद्धा नाही. पण आईच्या फोनवर? पोल जसाच्या तसा! View votes उघडलं, तिघांची नावं दिसली, स्क्रीनशॉटही निघाला. विमान मोड काढला, नेट आलं, आणि क्षणात तिथेही पुसलं गेलं. कारण "डिलीट" हाही एक निरोपच आहे. तो प्रत्येक फोनला जाऊन सांगतो, की बाबा, तुझा फळा पूस. निरोप पोचेपर्यंत फळा तसाच. (मत आईने थालीपीठाला दिलं होतं. त्यामुळे रविवारी थालीपीठच झालं, पोल असो वा नसो.)

म्हणून कोणी विचारलं, की "सगळीकडून गेलं का?", तर खरं उत्तर असं : ज्या फोनला निरोप पोचला तिथून गेलं. पण पोलच्या चौकटीबाहेर जे आधीच सांडलंय, ते हा निरोप पुसत नाही. स्क्रीनशॉट तर उघडच आहे. दुसरं, कोणी पोलला रिप्लाय दिला असेल तर त्या रिप्लायच्या डोक्यावर जो छोटा तुकडा दिसतो, त्यात तुमचा प्रश्न तसाच राहतो. मतं नाहीत, नावं नाहीत, पण "मेसचा ठेकेदार बदलायचा का?" हे वाक्य राहतं. असे रिप्लाय ज्याचे त्याला डिलीट करायला सांगावे लागतात. तिसरं, अँड्रॉइड 11 किंवा त्यापुढचा फोन असेल आणि त्यात नोटिफिकेशन हिस्ट्री चालू असेल, तर मागच्या 24 तासांतल्या नोटिफिकेशनमध्ये प्रश्न सापडू शकतो. आणि चौथं, बॅकअप. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप फोनमध्येच मागच्या सात दिवसांपर्यंतच्या बॅकअप फाइल ठेवतं. पोल असताना घेतलेला बॅकअप कोणी मुद्दाम परत चढवला तर तो पोल त्याच्या फोनवर उगवू शकतो. इतका उद्योग कोण करतं म्हणा! पण भाचा चिकाटीचा असला तर?

एक्स्पोर्टचंही सांगते. ग्रुपच्या मेनूत Export chat असतं. ती फाइल पोल डिलीट व्हायच्या आधी कोणी काढून ठेवली असेल तर त्यात प्रश्न आणि पर्याय येतात, प्रत्येक पर्यायापुढे मतांचा आकडाही. नावं मात्र येत नाहीत.

आता उलट बाजू. समजा तुम्ही पोल बनवलेला नाही, फक्त मत दिलंय, आणि पस्तावलाय. या हॉस्टेलमध्ये त्या सकाळी बऱ्याच जणांनी हेच केलं : पोल स्वतःच्या फोनवरून Delete for me केला आणि सुटकेचा श्वास सोडला. पण त्यांचं मत बाकी सगळ्यांच्या फोनवर, त्यांच्या नावासकट, शाबूत. मत आधीच 47 ठिकाणी पोचलंय, तुमच्या प्रतीला कोण विचारतो? मत मागे घ्यायचं असेल तर पोल उघडा, ज्या पर्यायावर खूण आहे त्यावर पुन्हा टॅप करा, खूण निघते, नाव यादीतून जातं. मग हवं तर पोल डिलीट करा. क्रम उलटा केलात तर खूण काढायला पोलच उरत नाही.

टेलिग्रामवाले विचारतील, आमचं काय? तिथे पोल बनवताना Anonymous Voting आधीपासून चालू असतं, म्हणजे नावं पोल बनवणाऱ्यालाही दिसत नाहीत. ते मुद्दाम बंद केलं तरच यादी उघडी होते. शिवाय तिथे Stop Poll आहे : नवी मतं बंद, निकाल मात्र सगळ्यांना दिसत राहतो. आणि सगळ्यांसाठी डिलीट केलं तर मागे "डिलीट झालं" अशी पाटीही राहत नाही. नुसता मतदानाचा कल हवा असेल आणि नावं नको असतील तर मला तरी ते बरं वाटतं.

राहता राहिला निकाल. मित्राने नंतर विचारलं, "ताई, 24 होते हे आता सिद्ध कसं करू? रेक्टर पुरावा मागतायत." तर बाळा, डिलीट झाल्यावर कंपनीकडे मागूनही मिळणार नाही. पोचलेले मेसेज आपण सर्व्हरवर ठेवत नाही असं व्हॉट्सअ‍ॅप स्वतः सांगतं, आणि बेरीज तर फोनवरच होत होती. डिलीट करण्याआधी पोलच्या मुख्य चौकटीचा, फक्त आकडे दिसतील असा स्क्रीनशॉट काढायचा. View votes च्या पानाचा नाही. आणि त्या चौकटीतही मत देणाऱ्यांचे छोटे प्रोफाइल फोटो दिसतात, ते कापून किंवा रंग फासून मगच पुढे पाठवायचं.

त्याने शेवटी काय केलं? मेसच्या दारात कागदाचा खोका ठेवला, चिठ्ठ्या टाकायला. नावाशिवाय. 39 चिठ्ठ्या निघाल्या, त्यातल्या 30 हो. व्हॉट्सअ‍ॅपवर 24 होते.