रो फुटत नाही म्हणून पान रिकामं

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त बहुतेक सचिव वर्डमध्ये टेबल करूनच लिहितात. अनुक्रमांक, विषय, चर्चा व ठराव असे तीन कॉलम. पहिले दोन अरुंद, तिसरा ऐसपैस. पहिले तीन विषय किरकोळ, ते झटपट उरकतात. चौथा विषय लिफ्ट बदलण्याचा. त्यावर सगळी सभा बोललेली असते. सचिव ते सगळं इमानेइतबारे एकाच सेलमध्ये टाइप करतात आणि अचानक चौथा विषय उडी मारून दुसऱ्या पानावर जातो. पहिल्या पानाचा खालचा जवळजवळ अर्धा भाग कोरा.

आता मापं घ्या. ए-फोर कागदाची उंची २९.७ सेंटिमीटर. वर आणि खाली एकेक इंच समास सोडला की मजकुराला सुमारे साडेचोवीस सेंटिमीटर उरतात. मथळा, उपस्थिती आणि पहिले तीन ठराव यांनी १४ सेंटिमीटर खाल्ले, तर शिल्लक साडेदहा. लिफ्टच्या ठरावाला हवेत ११. म्हणजे जागा कमी पडली अर्ध्या सेंटिमीटरची, एका ओळीपुरतीही नाही, आणि कोरं राहिलं साडेदहा सेंटिमीटर! कारण या रोला तुटायची परवानगी नाही. मावली तर अख्खी मावेल, नाहीतर अख्खी पुढच्या पानावर जाईल.

ही परवानगी एका चौकटीत असते. रोमध्ये कर्सर ठेवून राइट क्लिक करा, `Table Properties` उघडा आणि `Row` या टॅबवर जा. तिथे `Allow row to break across pages` असं लिहिलेलं दिसेल. वर्डमध्ये नवं टेबल केलं तर इथे सहसा खूण असतेच. पण आपण इतिवृत्त कोऱ्या कागदावर कुठे लिहितो? कुणीतरी आधी केलेली फाइल उघडायची, जुना मजकूर पुसायचा आणि नवा भरायचा, ही आपली रीत. मूळ फाइल करणाऱ्याने कधीतरी ती खूण काढलेली असते आणि ती सेटिंग वर्षानुवर्षं फाइलबरोबर फिरते. खूण परत करा, की ठरावाच्या पहिल्या ओळी आपसूक वर येतात. लिब्रेऑफिस वापरत असाल तर हीच सोय टेबलच्या गुणधर्मांत `Text Flow` या टॅबमध्ये आहे.

खूण असूनही रो हलत नसेल, तर अडथळा सेलच्या आत शोधावा लागतो. `Ctrl+Shift+8` दाबून लपलेल्या खुणा दाखवा. परिच्छेदाच्या डावीकडे छोटा काळा चौकोन दिसला, तर बहुधा त्या परिच्छेदाला `Keep lines together` किंवा `Keep with next` लागलेलं आहे. मजकूर दुसरीकडून चिकटवला की असं होतं. ते परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये `Line and Page Breaks` या टॅबवर जाऊन काढायचं. सेलमध्ये ओळीसारखं बसवलेलं चित्र किंवा स्कॅन केलेलं कोटेशन असेल तर मात्र इलाज नाही. चित्र अर्धं कापलं जात नाही. ते लहान करा किंवा टेबलाबाहेर काढा. आणखी एक जागा पाहायची ती त्याच `Row` टॅबवर. उंची `Exactly` अशी ठरवली असेल, तरीही रो तुटत नाही. शिवाय उंचीत न मावलेला मजकूर दिसेनासा होतो, तो आणखी वाईट. तिथे `At least` निवडावं.

या सगळ्याऐवजी लोक करतात काय, तर फॉन्ट बारीक करतात. त्या दिवशी अर्धा सेंटिमीटर वाचतो आणि रो वर येते. मग हीच फाइल अध्यक्षांच्या संगणकावर उघडते. तिथे तो फॉन्ट नसल्याने दुसरा लागतो. देवनागरी फॉन्टांच्या ओळींची उंची सारखी नसते. त्याच आकारात मंगल हा कोकिळापेक्षा बरीच जास्त जागा घेतो. पोकळी पुन्हा हजर.

तरीही सगळ्याच रोंना तुटू द्यावं असं मी म्हणणार नाही. रो तुटली की दुसऱ्या पानावर अनुक्रमांकाचा आणि विषयाचा रकाना कोरा राहतो, आणि तिथून वाचणाऱ्याला हा कुठला ठराव ते कळत नाही. `Repeat Header Rows` वापरलं तर कॉलमची नावं पुन्हा येतात, विषय येत नाही. म्हणून सह्यांची, हिशेबाची, दोन-तीन ओळींची रो अखंडच ठेवावी. लांबलचक ठरावाला मात्र मी एकच सेल देणार नाही. चर्चा ४ अ, कोटेशनांची तुलना ४ ब, ठराव, सूचक आणि अनुमोदक ४ क, अशा तीन रो केल्या तर प्रत्येक रो अखंड ठेवूनही पानाखाली फार तर चार-पाच ओळींची जागा रिकामी राहते.