रक्तातल्या कॅल्शियमचा माग

राणी ही नऊ वर्षांची, अठ्ठावीस किलोंची लॅब्राडोर. अशा रुग्णांचा नेहमीचा प्रवास दाखवणारं हे एक प्रातिनिधिक उदाहरण. घरच्यांच्या लक्षात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की पाण्याचं भांडं आता दिवसातून चार-पाचदा भरावं लागतंय आणि रात्री दोन वाजता ती दारापाशी उभी राहते. जेवण थोडं कमी झालं होतं, शी घट्ट होत होती. उन्हाळा आहे, वय झालंय, अशी समजूत घालण्यात तीन आठवडे गेले.

मग कोणीतरी लिटरची बाटली घेऊन भांडं मोजून भरायला सुरुवात केली. दिवसाला साडेतीन लिटर. किलोमागे शंभर मिलिलिटरच्या वर कुत्रा पाणी पिऊ लागला, की ती तहान आजारातली समजावी. राणी सव्वाशेवर पोचली होती.

साखर नॉर्मल होती, किडनीचे आकडेही ठीक होते. पण कॅल्शियम १४.६ होतं. मोठ्या कुत्र्यात ते साधारण ९ ते ११.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. तहानेचं कारणही हेच. लघवीतलं पाणी परत ओढून घ्यायचा जो निरोप मेंदूकडून किडनीला येतो, तो वाढलेल्या कॅल्शियममुळे किडनीला ऐकूच येत नाही. पाणी वाहून जातं आणि ते भरून काढायला कुत्रा पीत राहतो.

एका आकड्यावर मात्र विसंबायचं नसतं. जेवणानंतर घेतलेल्या, चरबीने गढूळ झालेल्या रक्तात कॅल्शियम खोटं वाढलेलं दिसू शकतं. वाढत्या वयाच्या पिल्लात ते मुळातच थोडं जास्त असतं. म्हणून उपाशीपोटी पुन्हा रक्त घेतात आणि या वेळी ‘आयोनाइज्ड कॅल्शियम’ मोजतात. रक्तातलं बरंचसं कॅल्शियम प्रथिनांना चिकटून असतं. शरीरावर परिणाम करतं ते मोकळं, म्हणजे आयोनाइज्ड. जुन्या किडनीच्या आजारात कित्येकदा एकूण आकडा वाढलेला आणि मोकळा भाग नॉर्मल किंवा कमीच असतो. राणीचं मोकळं कॅल्शियमही वाढलेलं निघालं. आता शोध खरा सुरू झाला.

दुसरा सुगावा त्याच रिपोर्टात होता. फॉस्फरस होता २.४, म्हणजे कमी. गळ्यात थायरॉइडला चिकटून चार इवल्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांचं पीटीएच हे हार्मोन हाडांतून कॅल्शियम रक्तात आणतं आणि फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकतं. काही कॅन्सर याच हार्मोनची नक्कल करणारं प्रथिन बनवतात. १९४१ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी माणसातल्या एका ट्यूमरबाबत तसा अंदाज बांधला होता. प्रत्यक्ष प्रथिन हाती लागायला १९८७ उजाडलं. त्याचं नाव पीटीएचआरपी. किल्ली बनावट असली तरी कुलूप तेच, म्हणून परिणामही तोच: कॅल्शियम वर, फॉस्फरस खाली.

याच्या उलट, किडनी ठीक असताना कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही वाढले, तर पहिला संशय ‘ड’ जीवनसत्त्वावर. काही देशांत उंदराच्या औषधात ते असतं. आपल्याकडे घराघरांत आठवड्याला एकदा घ्यायचं ६०,००० युनिटचं पाकीट टीपॉयवर पडलेलं असतं. दहा किलोच्या कुत्र्याने असं एक पाकीट चाटलं तरी विषबाधा होऊ शकते. सोरायसिसचं काही मलमही तितकंच घातक. दोन्ही आकड्यांचा गुणाकार साठ-सत्तरच्या पुढे गेला, की कॅल्शियम किडनीत साचू लागतं. राणीचा गुणाकार पस्तीसच्या आसपास होता. तिच्या किडन्या अजून वाचल्या होत्या त्या यामुळेच. ॲडिसन्स या आजारातही कॅल्शियम वाढतं, पण तिचे सोडियम-पोटॅशियम आणि कॉर्टिसॉल व्यवस्थित होते.

उरले दोन कॅन्सर आणि एक ग्रंथी.

यात लिम्फोमा सर्वांत जास्त आढळतो. म्हणून जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे लिम्फ नोड चाचपतात, छातीचा एक्स-रे काढतात. कॅल्शियम वाढवणारा लिम्फोमा अनेकदा हृदयाच्या पुढच्या बाजूला दडलेला असतो. गाठ सापडली तर सुईने पेशी काढून तपासायच्या. या टप्प्यावर एक चूक फार महाग पडते. स्टेरॉइडने कॅल्शियम झपाट्याने उतरतं, कुत्रा ताजातवाना दिसतो, म्हणून निदानाआधीच ते टोचलं जातं. स्टेरॉइड लिम्फोमाच्या पेशी मारतं. मग सुईत काहीच सापडत नाही आणि पुढची केमोथेरपीही नीट लागू पडत नाही. तोवर सलाइन द्यावं. त्यातलं सोडियम किडनीतून बाहेर पडताना कॅल्शियमलाही सोबत नेतं.

राणीचे नोड नॉर्मल होते, छातीही स्वच्छ. आणि मग डॉक्टरांनी ती तपासणी केली जी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती: हातमोजा, जेली आणि गुदद्वारात एक बोट. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे चार आणि आठ वाजता कुत्र्याला दोन गुदग्रंथी असतात. आठच्या जागी वाटाण्याएवढी कडक गाठ लागली. बाहेरून काही दिसत नव्हतं. शेपटीखाली रोज ब्रश फिरवणाऱ्यालाही ती कळली नसती. या ट्यूमरची खोड हीच: मूळ गाठ वाटाण्याएवढी असताना पोटातले लिम्फ नोड लिंबाएवढे झालेले असू शकतात. सोनोग्राफीत राणीचा कमरेच्या मणक्याखालचा एक नोड मोठा दिसला, सुईने निदान पक्कं झालं. पीटीएच दबलेलं आणि पीटीएचआरपी वाढलेलं आलं, पण तो रिपोर्ट यायच्या आधीच बोटाने उत्तर दिलं होतं. हजारो रुपयांच्या तपासण्यांआधी हे एक मिनिट प्रत्येक मालकाने मागून घ्यावं.

बोटाला काही लागलं नसतं, तर पाळी होती गळ्याच्या सोनोग्राफीची. पॅराथायरॉइडची गाठ काही मिलिमीटरचीच असते आणि बहुतेकदा साधी, कॅन्सर नसलेली. असे कुत्रे बरेचदा ठणठणीत दिसतात. दुसऱ्याच कारणाने केलेल्या रक्ततपासणीत कॅल्शियम सापडतं. कीसहाँड जातीत हा आजार वंशपरंपरेने येतो. इथे पीटीएच नुसतं ‘नॉर्मल’ आलं तरी फसायचं नसतं. कॅल्शियम एवढं चढल्यावर ते खाली दबायलाच हवं. दबलं नाही, म्हणजे ग्रंथी कोणाचं ऐकत नाही. गाठ काढली की आजार बरा होतो, पण खरा धोका त्यानंतरच्या आठवड्यात. उरलेल्या ग्रंथी इतके दिवस झोपलेल्या असतात. दोन ते सहा दिवसांत कॅल्शियम एकदम घसरतं, कुत्रा तोंड घासू लागतो, थरथरतो, झटकेही येतात. म्हणून ऑपरेशननंतर त्याला लगेच घरी सोडत नाहीत.

राणीला दोन दिवस सलाइन दिलं, मग गुदग्रंथी आणि पोटातला तो नोड दोन्ही काढले. दुसऱ्या दिवशी कॅल्शियम १०.४ होतं आणि त्या रात्री ती सलग झोपली. पाच महिन्यांनी ते १२.३ झालं. गाठीच्या जागी बोटाला काहीच लागत नव्हतं, पण सोनोग्राफीत पोटातला आणखी एक नोड वाढलेला दिसला आणि केमोथेरपी सुरू झाली. स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर अजून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर रोजची तारीख आणि तिने प्यायलेलं पाणी, मिलिलिटरमध्ये.