टवका बघा, चित्र नंतर

जुन्या वस्तूंच्या बाजारात निळी-पांढरी बशी उचलली की दुकानदार तिच्यावरचं चित्र दाखवू लागतो. पॅगोडा, पूल, झाडाखाली बसलेलं हरीण. जाणकार गिऱ्हाईक चित्राकडे नंतर बघतं. ते आधी बशीच्या कडेवर बोट फिरवून कुठे टवका उडालाय का ते शोधतं आणि मग बशी पालथी घालतं. चित्राची नक्कल कुणीही करू शकतं आणि गेली चारशे वर्षं ती सर्रास होत आली आहे. आतली माती मात्र किती आचेवर भाजली गेली, हे लपवता येत नाही. अडचण एवढीच की ती माती झिलईखाली झाकलेली असते. ती उघडी पडते दोनच ठिकाणी, टवक्यात आणि बुडाच्या कडीवर.

मातीचे ढोबळ प्रकार तीन. पहिला साध्या मातीचा, म्हणजे अर्दनवेअर. हे भांडं साधारण हजार ते साडेअकराशे अंश सेल्सियसला भाजतात. तेवढ्या उष्णतेत मातीचे कण एकमेकांना चिकटतात, पण वितळत नाहीत. मधली बारीक छिद्रं तशीच राहतात. दुसरं स्टोनवेअर, बाराशे ते तेराशे अंशांच्या आसपासचं. त्यात मातीतला काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि छिद्रं भरून टाकतो. तिसरं पोर्सेलीन. त्याला काओलिन नावाची पांढरी माती आणि फेल्डस्पार असलेला दगड यांचं मिश्रण लागतं आणि तेराशे किंवा त्याहून जास्त अंशांची भट्टी. काओलिन हे नाव चीनमधल्या जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग टेकडीवरून आलं. ही कृती युरोपला साधली ती थेट अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, जर्मनीतल्या माइसेनमध्ये. त्याआधी युरोपात निळं-पांढरं जे काही बनलं त्यातलं जवळजवळ सगळं वेगळ्याच मातीचं होतं.

आपल्या घरातली लोणच्याची बरणी यातल्या दुसऱ्या प्रकारात बसते. तिला आपण चिनी मातीची म्हणतो खरं, पण ती पोर्सेलीन नव्हे, स्टोनवेअर. झाकणाच्या कडेला टवका उडाला असेल तर भिंगातून बघा. आतली माती राखाडी किंवा फिकट बदामी दिसेल, अगदी घट्ट, मधूनमधून लोखंडाचे काळे ठिपके असलेली. तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो बराच वेळ थेंबच राहतो. मीठ, तेल आणि आंबट रस वर्षभर भरून ठेवूनही बरणी बाहेरून ओली होत नाही, ती यामुळेच. वर तपकिरी आणि खाली पांढरट अशी दुरंगी झिलई एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिस्टलच्या इंग्लिश बरण्यांवर रूढ झाली. जुन्या युरोपीय स्टोनवेअरवर संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत चकाकी दिसते. ती मिठाची. भट्टी पुरेशी तापली की आत मीठ फेकायचे, त्यातला सोडियम मातीतल्या सिलिकाशी एकजीव होऊन काच तयार व्हायची. अशी झिलई वरून लावलेली नसतेच, त्यामुळे टवक्यात तिचा वेगळा थर शोधून सापडत नाही.

टवक्यात बघायचं ते हेच: झिलई आणि माती यांच्यामधली रेघ. अर्दनवेअर बहुधा आधी एकदा कोरडं भाजतात, मग झिलई लावून पुन्हा कमी आचेवर भाजतात. झिलई मातीवर बसते, मातीत मुरत नाही. टवक्यात वर चकचकीत थर आणि खाली पिवळसर, तांबूस किंवा पांढरट, खडूसारखी भुसभुशीत माती असे दोन भाग सरळ दिसतात. चिनी पोर्सेलीनमध्ये कच्च्या भांड्यालाच झिलई देऊन दोन्ही एकाच भाजणीत पक्कं करतात. त्यामुळे तिथे रेघ जवळजवळ नसतेच. टवका काचेच्या टवक्यासारखा गुळगुळीत, खोलगट, वळणदार आणि कडेला धारदार असतो. त्याच्यावर पाणी ठरतं, मुरत नाही. हाडांची राख घातलेलं इंग्लिश बोन चायना आणि अठराव्या शतकातलं युरोपचं मऊ पोर्सेलीन या दोन्हींच्या मधलं. त्यांचा टवका बारीक दाणेदार असतो. आपल्याकडे ते मऊ पोर्सेलीन क्वचितच बघायला मिळतं, म्हणून इथे त्याच्या तपशिलात जात नाही.

झिलईचं वागणंही टवक्याइतकंच बोलकं असतं. अर्दनवेअरची माती हवेतली ओल शोषत राहते आणि वर्षानुवर्षं किंचित फुगत जाते. वरची काच फुगत नाही, म्हणून तिला बारीक तडे जातात. त्या जाळीतून चहा, तेल, हळद आत शिरते आणि मातीत पसरते. टवक्याभोवती झिलईच्या खालून पसरलेला तपकिरी डाग दिसला तर ती माती सच्छिद्र आहे हे नक्की. पोर्सेलीनलाही जाळी पडू शकते, पण डाग रेघेपाशीच थांबतो. मात्र चहात उकळून मुद्दाम रंगवलेली जाळीही विकायला येते, त्यामुळे जाळी जुनी दिसते म्हणजे भांडं जुनं, असा हिशेब करू नये.

डेल्फ्टची गोष्ट इथे सांगायला हवी. १६०३ मध्ये डच जहाजांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं. ते मकाऊहून माल भरून मलाक्काकडे निघालं होतं. त्यातलं हजारो नगांचं पोर्सेलीन पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये लिलावात विकलं गेलं आणि सगळ्या युरोपला निळ्या-पांढऱ्याचं वेड लागलं. डच कुंभारांकडे काओलिन नव्हतं. त्यांनी पिवळसर मातीवर कथिलाची दाट पांढरी झिलई चढवली आणि तिच्यावर निळं चित्र काढलं. दिसायला चिनीच. पण जिथे कड आपटते तिथे ती दुधी झिलई पापुद्र्यासारखी निघते आणि खाली पिवळट माती उघडी पडते. पोर्तुगालच्या रंगीत टाइलही याच जातीच्या, कथिलाच्या झिलईच्या. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या चर्चच्या अवशेषांत अशा टाइल आजही पाहता येतात.

तर मग कडेची झिलई उडाली म्हणजे अर्दनवेअर? नाही, आणि इथेच बरेच लोक फसतात. समजा, हातभर रुंद निळी-पांढरी ताटली समोर आहे. कडेवर सगळीकडे झिलईचे बारीक तुकडे उडालेले आहेत, किड्यांनी कुरतडल्यासारखे. दुकानदार म्हणतो, चिनी. गिऱ्हाईक म्हणतं, झिलई उडते म्हणजे डेल्फ्ट. आता क्रमाने बघू. एका उडालेल्या जागेवर ओल्या काडीने पाण्याचा थेंब ठेवला. तो मुरला नाही. भिंगातून खालची माती पांढरी, घट्ट आणि चमकदार दिसली, खडूसारखी नाही. झिलई पारदर्शक आहे आणि चित्र तिच्या खाली आहे. कथिलाच्या झिलईत निळा रंग वरच्या थरात मिसळलेला असतो. मग ताटली पालथी घातली. बुडाची कडी उघडी आहे, तिला वाळूचे खडे चिकटलेले आहेत आणि कडीच्या आत मध्यापासून बाहेर जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात. चाकावर ताटली फिरवत बूड तासताना हत्यार थरथरलं, त्याच्या त्या खुणा.

हे सगळं एकत्र घेतलं तर ताटली मिंग राजवटीच्या शेवटच्या काळातली, निर्यातीसाठी बनवलेली चिनी पोर्सेलीनची निघते. त्या काळच्या मालात झिलई आणि माती थंड होताना सारख्या प्रमाणात आकसत नसत. कडेला झिलई पातळ असते, तिथून ती सुटते. जपानी लोकांनी या दोषाला ‘मुशिकुई’ म्हणजे किड्याने खाल्लेलं असं नावच दिलं आणि चहाच्या समारंभात अशी भांडी आवडीने वापरली. पश्चिम किनाऱ्यावर चौलसारख्या बंदरांत निळ्या-पांढऱ्या चिनी पोर्सेलीनची खापरं सापडतात, ती याच समुद्री व्यापाराची.

बुडाच्या खुणा मला टवक्याइतक्याच भरवशाच्या वाटतात. चिनी भांडी मातीच्या डब्यात वाळूवर उभी करून भाजत, त्यामुळे कडीवरची झिलई पुसून टाकावी लागे, नाहीतर भांडं खाली चिकटून बसलं असतं. उघड्या कडीशी जिथे झिलई संपते तिथे मातीतल्या लोखंडामुळे नारिंगी छटाही अनेकदा दिसते. इंग्लिश कारखान्यांचं अर्दनवेअर मात्र बुडासकट सगळीकडे झिलईने झाकलेलं. ते टेकवायला मातीचे तीन टोकांचे आधार वापरत. त्यांचे त्रिकोणात बसणारे बारीक टोचे मागच्या बाजूला सापडतात. कडीच्या आतल्या बुडावरच लहान टोचे दिसले तर जपानच्या आरिताचा विचार करावा, कारण तिथे बूड खचू नये म्हणून खालून आधार देत. चीनमध्ये ही पद्धत सहसा नाही.

विलो पॅटर्नची बशी सगळ्यांत जास्त लोकांना चकवते. पूल, विलोचं झाड, वर दोन पाखरं. चित्र चिनी वाटतं, पण ते इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार झालं. बशी उलटवली की कडीवरही झिलई, त्रिकोणी टोचे आणि कडीच्या खाचेत साठलेल्या झिलईला निळसर झाक. पिवळट माती पांढरी दिसावी म्हणून झिलईत कोबाल्ट घालत, ही ती झाक. भिंगातून चित्राच्या रेघा कुंचल्याच्या नसून छापाच्या दिसतात आणि काठाच्या नक्षीत कुठेतरी कागदाचा जोड चुकलेला असतो.

या सगळ्याला मर्यादा आहे. टवका माती सांगतो, वय नाही. जिंगदेझेनमध्ये गेल्या वर्षी बनलेल्या नकलेचा टवकाही तितकाच काचेसारखा असेल. वयासाठी बुडाची झीज, रंगाचा पोत आणि घाट बघावा लागतो. फार महागाची वस्तू असेल तर प्रयोगशाळेत मातीचा कण काढून तपासावा लागतो. टवका मुद्दाम भरून रंगवलेला असेल तर तो उजेडात दिसत नाही. अंधारात अतिनील दिव्याखाली नवा रंग बहुतेक वेळा वेगळा चमकतो. त्या जागेचा स्पर्शही काचेपेक्षा उबदार आणि मऊ लागतो.

घरात आजीच्या काळातली बशी असेल आणि तिचा टवका उडालेला असेल, तर तो लांबी भरून रंगवून घेऊ नका आणि जिभेने चाटून परीक्षाही करू नका, कारण जुन्या झिलईत शिसं असतं. पाण्याचा एक थेंब आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. आणि चौल किंवा जुन्या गोव्याच्या संरक्षित जागी पायाखाली निळं-पांढरं खापर दिसलं तर ते खिशात घालू नका. तिथून काही उचलून नेणं बेकायदा आहे.