पगार वाढला, कुरकूर तशीच

वेतनकरारावर सह्या झाल्या की मुळशीतल्या पिरंगुट-घोटावडे पट्ट्यातल्या कारखान्यांच्या गेटवर गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात. करार बहुधा तीन वर्षांचा असतो. पुढे काही महिन्यांत चहाच्या सुट्टीतलं बोलणं मूळपदावर येतं, आणि ‘एवढे पैसे देऊनही यांचं मन कामात नाही’ म्हणून व्यवस्थापन वैतागतं.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचा १९५९चा अभ्यास इथे उपयोगी पडतो. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना त्यांनी विचारलं: कामावर फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी? वाईट आठवणींत कंपनीचे नियम, साहेबाची वागणूक, कामाची परिस्थिती हे आलं. चांगल्या आठवणींत काहीतरी साधल्याचं समाधान, शाबासकी, जबाबदारी आणि प्रत्यक्ष काम. पगार दोन्हीकडे होता. पण आनंदाच्या आठवणीत तो कौतुकाची पावती म्हणून आला, तर पगारातला अन्याय जास्त काळ सलत राहिला. म्हणून हर्झबर्गनी पगाराला ‘आरोग्यरक्षक’ घटकांत बसवलं. गटारं साफ ठेवली की रोगराई टळते, पण तेवढ्याने कोणी पैलवान होत नाही. तालमींच्या मुळशीला हे वेगळं सांगायला नको.

समजा, इथल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवरचा ऑपरेटर आहे. प्रोग्राम दुसरा टाकतो, सेटिंग सेटर करतो, पहिला जॉब क्वालिटीवाला तपासतो. ऑपरेटरने जॉब लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा. पगार वाढल्यावर हातउसने फिटले, शेजारच्या कारखान्याशी तुलना थोडी थांबली. बटण मात्र तेच. नाराजी घटली, पण उत्साह यावा असं काही घडलंच नाही. आधी तक्रार पैशांची होती, आता ‘आम्हाला कोण विचारतो’ असा सूर निघाला, तर दुखणं कुठे आहे ते कळावं.

हर्झबर्ग यांच्या १९६८च्या लेखात एक प्रयोग आहे. एका मोठ्या कंपनीत भागधारकांच्या पत्रांना उत्तरं लिहिणाऱ्यांना स्वतःच्या नावाने सही करू दिली, अनुभवी लोकांच्या पत्रांची तपासणी कमी केली. सुरुवातीचे काही आठवडे काम चक्क घसरलं, मग सुधारत गेलं. पिरंगुटच्या ऑपरेटरला पहिला जॉब स्वतः तपासून स्वतःच पास करायची मुभा द्यायची, तर व्यवस्थापनाने या घसरणीची तयारी ठेवावी. बहुतेक ठिकाणी प्रयोग तिथेच गुंडाळतात, असा माझा संशय आहे.

हर्झबर्ग यांच्या सिद्धान्तावर जुना आक्षेपही आहे: यशाचं श्रेय माणूस स्वतःला देतो आणि अपयशाचं खापर परिस्थितीवर फोडतो, म्हणूनच उत्तरांची अशी विभागणी झाली असेल. मला दुसरी मर्यादा मोठी वाटते. ज्यांना विचारलं ते बऱ्या पगाराचे, शिकलेले लोक होते. त्याच शेडमध्ये तेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या हाती निम्मा पगार पडत असेल आणि पुढच्या महिन्याची खात्री नसेल, तर त्याला सहीचा मान देऊ करण्याआधी पगारच वाढवावा लागेल.