थेट भरतीचा मेसेज: तारीख, पत्ता, कागदपत्रे आणि पगार

आधी अर्ज न करता ठरलेल्या दिवशी कागदपत्रे घेऊन थेट हजर राहायचे आणि तिथेच मुलाखत द्यायची, ही वॉक-इन भरतीची पद्धत. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींत आयटीआय आणि डिप्लोमा झालेल्या मुलांची भरती अनेकदा याच पद्धतीने होते आणि तिची खबर व्हॉट्सॲपवरून फिरते. मेसेज आठ-दहा ओळींचाच असतो, पण त्याच्या भरवशावर बीड-लातूरकडची मुले रात्रीची गाडी पकडून पुणे जिल्ह्यात येतात. त्यात एक ओळ कमी पडली, तर जाण्यायेण्याचे भाडे आणि एक-दोन दिवसांचा रोज बुडतो.

असा मेसेज कसा फिरतो, हे आधी पाहायला हवे. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 नंबर बसतात. ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. म्हणूनच भरती करणारे ‘माझा नंबर सेव्ह करा’ असे वारंवार सांगतात. पुढे ही मुले तो मेसेज आयटीआयच्या बॅचच्या, गावाच्या, नोकरीच्या ग्रुपवर टाकतात. एकदा तो असा सुटला की पाठवणारा कोण, हे वाचणाऱ्याला कळत नाही. मेसेजवर दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड’ अशी खूण असेल, तर तो किमान पाच हातांतून आलेला असतो. म्हणून हा मेसेज पाठवणाऱ्याच्या नावावर विसंबून चालत नाही. सगळी माहिती त्यातच असावी लागते.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. ‘उद्या सकाळी 9 वाजता’ हे मूळ यादीतल्यांना बरोबर कळते, पण तीन दिवसांनी तोच मेसेज वाचणाऱ्याचा ‘उद्या’ वेगळा असतो. वार, तारीख आणि वर्ष तिन्ही लिहावे: ‘शनिवार, 17 जानेवारी 2026’. वार आणि तारीख जुळत नसतील, तर मेसेज जुना आहे किंवा कुणीतरी तारीख बदलून पुढे ढकलला आहे, हे कॅलेंडर पाहून लगेच ओळखता येते. वेळेतही फरक असतो. ‘9 ते 11’ म्हणजे त्या वेळेत नाव नोंदवायचे. मुलाखत, लेखी चाचणी आणि कागदपत्रांची तपासणी संध्याकाळपर्यंत चालू शकते. हे लिहिलेले असले की मुलगा परतीची गाडी दुपारची धरत नाही.

पत्त्याचेही तसेच. ‘चाकण एमआयडीसी’ हा पत्ता होऊच शकत नाही, कारण ही वसाहत महाळुंगे, निघोजे, सावरदरी, वराळे अशा अनेक गावांच्या हद्दींत पसरली आहे आणि तिचे वेगवेगळे टप्पे आहेत. प्लॉट क्रमांक, टप्पा, गाव, कंपनीचे गेट आणि जवळचा चौक एवढे हवेच. जोडीला नकाशाची लिंक दिली तर उत्तम. पुष्कळदा मुलाखत कंपनीत नसून ठेकेदाराच्या ऑफिसात असते. तसे असेल, तर मेसेजमध्ये स्पष्ट लिहिणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे, कारण त्यावरून नेमणूक कुणाकडून होणार, याचा अंदाज येतो.

हा नेमणुकीचा मुद्दा मेसेजमध्ये हमखास झाकला जातो. वर मोठ्या कंपनीचे नाव ठळक असते, पण भरती कंपनीच्या पटावर, ठेकेदाराकडे की शिकाऊ उमेदवार म्हणून, हे लिहिलेले नसते. तिन्हींत मोठा फरक आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेल्या मुलाला पगार नव्हे, तर विद्यावेतन मिळते, त्यातून पीएफ कापला जात नाही आणि मुदत संपल्यावर कायम करण्याचे बंधन कंपनीवर सहसा नसते.

पगाराच्या आकड्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. मेसेजमध्ये ‘पगार 20,000 च्या वर’ असे आहे. प्रत्यक्षात ठरलेला एकूण पगार 18,000 आणि त्यातला मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 13,000 आहे, असे धरू. मालकाने भरायचा 12 टक्के पीएफ 1,560 होतो आणि 3.25 टक्के ईएसआय 585. हे दोन्ही 18,000 मध्ये मिळवले की 20,145 हा आकडा तयार होतो. त्यालाच सीटीसी म्हणतात. मुलाच्या पगारातून मात्र त्याच्या वाट्याचा पीएफ 1,560, ईएसआय 0.75 टक्क्याने 135 आणि व्यवसाय कर 200 कापला जातो. खात्यावर येतात 16,105. जेवण आणि बसचे पैसे कापले जात असतील, तर आणखी कमी. पीएफ बुडत नाही, तो त्याचाच असतो. पण खोलीचे भाडे हातात येणाऱ्या रकमेतून द्यायचे असते. म्हणून ‘हातात किती’ ही ओळ मेसेजमध्ये असायलाच हवी. ती नसेल, तर फोन करून पहिला प्रश्न हाच विचारावा.

‘सर्व कागदपत्रे आणावीत’ या ओळीचा काहीही उपयोग नाही. दहावीची आणि आयटीआयची गुणपत्रिका, आयटीआयचे प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँक पासबुकाचे पहिले पान, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि आधी नोकरी केली असल्यास अनुभवपत्र व पीएफचा यूएएन क्रमांक, अशी नावे लिहावीत. झेरॉक्सचे किती संच, तेही सांगावे, कारण एमआयडीसीत ऐन वेळी झेरॉक्सचे दुकान शोधण्यात तास जातो. यात नावाची गल्लत फार अडवते. राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते, आधारवर बहुधा शेवटी. हा क्रमाचा फरक चालून जातो. पण वडिलांच्या नावाचे स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी निघाली, की पीएफचे खाते जुळताना अडचण येते. हे घरूनच तपासून निघावे. मूळ कागद फक्त दाखवायचे असतात, ठेवून घ्यायचे नसतात. मूळ प्रमाणपत्र जमा करा किंवा कोऱ्या कागदावर सही करा, असे कुणी म्हटले तर तिथून निघावे.

नोंदणी, गेटपास, गणवेश किंवा मेडिकलच्या नावाने आधी पैसे मागणारा मेसेज फसवणुकीचा समजावा. खात्री करायची तर मेसेजमधल्या नंबरवर विचारून उपयोग नाही. कंपनीचा नंबर तिच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्यावा किंवा त्या भागात कामाला असलेल्या गावच्या माणसाला गेटवर चौकशी करायला सांगावे.

जागा भरल्यावर किंवा तारीख बदलल्यावर काय करायचे, याचा विचार मेसेज पाठवणारे फारसे करत नाहीत. व्हॉट्सॲपवर मेसेज दुरुस्त करायला 15 मिनिटेच मिळतात, आणि मूळ मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. म्हणून त्याच यादीवर, त्याच तारखेचा आणि पत्त्याचा उल्लेख करून ‘ही भरती पूर्ण झाली आहे, कुणी येऊ नये’ असा नवा मेसेज लगेच पाठवावा आणि तोही पुढे पाठवायला सांगावे.