पाकिटाचा फोटो आणि हिंगातला गहू

आजकाल आपल्या गटाच्या मोबाईलवर पाकिटांचे फोटो येतात, आणि खाली एकच प्रश्न असतो, "हे चालेल का?" परवा असाच एक फोटो आला. शेवेचं पाकीट. फोटो पाठवणाऱ्या ताईंच्या नातीला सीलियाक आहे, म्हणजे गहू पोटात गेला की लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते.

अशा वेळी पाकीट वाचण्याआधी आम्ही पथ्य नीट विचारून घेतो. "गहू चालत नाही" याचे दोन अर्थ असू शकतात. कुणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून पोळी कमी केलेली असते, त्यांना चिमूटभर मैद्याने फरक पडत नाही. सीलियाकमध्ये मात्र चिमूटही मोजावी लागते. शिवाय तिथे नुसता गहू टाळून भागत नाही, बार्ली आणि राय ही धान्यंही टाळावी लागतात, कारण या तिन्हींत ग्लुटेन असतं. त्यामुळे पाकिटावर मैदा, रवा, सुजी, दलिया असं काहीही लिहिलं असलं तरी तो गहूच, आणि नुसतं 'माल्ट' लिहिलं असलं तर ती बहुतेक वेळा बार्ली.

आता ती शेव. फोटोत दिसत होतं ते असं: बेसन, पामतेल, मीठ, तिखट, ३३०, मसाले, हिंग... आणि तिथेच पाकिटाची घडी आली होती. ताईंना भीती वाटत होती ती ३३० या आकड्याची. ते म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपलं लिंबूफूल. ५०० म्हणजे खायचा सोडा. या दोन्हींत गहू नसतो. आकडा दिसला की विष, असं समजू नये. १४०० च्या पुढचे काही आकडे मात्र स्टार्चचे असतात, आणि स्टार्च मक्याचा, टॅपिओकाचा किंवा गव्हाचाही असू शकतो. तो कशाचा हे आकड्यावरून कळत नाही.

आम्ही थांबलो ते हिंगाशी. बाजारात मिळणारा बांधणीचा हिंग शुद्ध नसतो. हिंगाचा चीक फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. बरं, घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणून हिंग अगदी शेवटी. त्यातही नियम असा की एखादा मिश्र घटक मालाच्या पाच टक्क्यांहून कमी असेल, तर त्याच्या पोटातलं सगळं उलगडून लिहावं लागत नाही. म्हणजे बेसनाच्या शेवेत गहू आहे हे यादी वाचून कळेलच असं नाही.

मग कळायचं कसं? यादीच्या जवळच 'कंटेन्स' म्हणून एक ओळ असते. अन्नसुरक्षेच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट असतील, तर ते तिथे सांगावंच लागतं. आमच्या फोटोत ती ओळ घडीत गेली होती. दिसत नाही म्हणजे नाही, असं आम्ही धरत नाही. ताईंना कळवलं, "अजून सांगता येत नाही. पाकीट सपाट करा, उजेडात धरा, चमक येत असेल तर थोडं तिरकं करा, आणि पुढची-मागची दोन्ही बाजू पाठवा."

दुसरा फोटो आला. त्यात होतं, 'कंटेन्स व्हीट'. मग उत्तर सरळ, नातीला देऊ नका. त्या जागी 'मे कंटेन व्हीट' असतं तर? त्याचा अर्थ गहू घातलेला नाही, पण त्याच कारखान्यात तो दळला किंवा तळला जातो, म्हणून लागलेला असू शकतो. सीलियाकच्या लेकरासाठी आम्ही तेही नकोच म्हणतो. (ज्वारी-बाजरी गव्हानंतर त्याच गिरणीत दळली की घरीही हेच होतं.) 'ग्लुटेन फ्री' असं छापलेलं असेल तर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असू नये असा नियम आहे.

हिरवा ठिपका बघून ताई म्हणाल्या होत्या, "शाकाहारी आहे, मग काय हरकत?" तो ठिपका मांस, मासे, अंडं नाही एवढंच सांगतो. गहू, दूध, शेंगदाणे याबद्दल तो काही बोलत नाही.

त्याच कंपनीची लसूण शेव आणि साधी शेव यांची यादी वेगळी असू शकते, आणि कंपनी मध्येच घटक बदलते. म्हणून जुना फोटो जपून ठेवून त्यावर पुढच्या महिन्याची खरेदी करू नका, हातातल्या पाकिटाचाच पाठवा. आणि दुकानदाराने सुटी बांधून दिलेली शेव असेल तर फोटो काढायला काहीच नसतं. त्या शेवेला सीलियाकच्या घरात आम्ही 'हो' म्हणत नाही.